डेथ समरी लिहिताना: मृत्यूपासून मागे जाऊन कारणांची साखळी कशी बांधावी

वॉर्डात पेशंट गेला की डेथ समरी लिहायचं काम बहुतेक वेळा युनिटमधल्या सगळ्यात कनिष्ठ डॉक्टरकडे येतं. बाहेर नातेवाईक ताटकळलेले असतात, शववाहिनी बोलावलेली असते, सिस्टर फाइल पूर्ण करायला सांगत असतात. अशा वेळी हात सवयीने डिस्चार्ज समरीच्याच वळणाने चालतो. तक्रारी, तपासण्या, औषधं आणि शेवटी एक ओळ: ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्टने मृत्यू’. ती वाचणाऱ्याला पेशंट दवाखान्यात होता आणि त्याचं हृदय थांबलं एवढंच कळतं. तो का गेला, हे कळत नाही.

नव्या इंटर्न आणि रेसिडेंट डॉक्टरांसाठी इथे एकच गोष्ट नीट मांडतो. मृत्यूपर्यंत नेणाऱ्या घटनांचा क्रम आधी कसा शोधायचा आणि मग तो समरीत कसा उतरवायचा. त्यासाठी मधुमेही पायाची एक केस शेवटपर्यंत सोडवून दाखवली आहे. केस रचलेली आहे, पण सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

समरी आणि फॉर्म 4 हे एकाच बोलण्याचे दोन भाग

रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी आपण फॉर्म क्रमांक 4 भरतो, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. घरी किंवा रुग्णालयाबाहेर झालेल्या मृत्यूसाठी 4-अ असतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा. त्यात 2023 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे. आता रुग्णालयाने हे प्रमाणपत्र, आजाराच्या पूर्वेतिहासासह, निबंधकाकडे विनामूल्य पाठवायचं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते. म्हणजे घरच्यांच्या हातात आता दोन कागद पडतात, समरी आणि फॉर्म 4 ची प्रत. दोन्हींत वेगवेगळी कारणं असतील तर विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न तिथेच विचारतो, आणि उत्तर शोधायला दुःखात असलेल्या मुलाला रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात.

फॉर्मचे दोन भाग असतात. पहिल्या भागात तीन ओळी. (अ) मध्ये प्रत्यक्ष मृत्यूला कारण झालेली स्थिती, (ब) मध्ये ती जिच्यामुळे झाली ती, आणि (क) मध्ये जिथून सगळं सुरू झालं ते मूळ कारण. प्रत्येक ओळीपुढे ती स्थिती सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला ते लिहायचं. दुसऱ्या भागात जी कारणं या साखळीत बसत नाहीत, पण ज्यांनी पेशंटची ताकद कमी केली ती येतात. आकडेवारीसाठी कोड लावताना मुख्यतः मूळ कारण उचललं जातं, आणि फॉर्म नीट भरला असेल तर ते पहिल्या भागातल्या सगळ्यात खालच्या ओळीत सापडतं. सगळ्यात खालची ओळ चुकली की पुढे सगळं चुकतं.

समरीचा गाभा या तीन ओळींशी तंतोतंत जुळला पाहिजे. म्हणून मी आधी साखळी ठरवायला सांगतो, समरी नंतर.

पहिली पायरी: फाइल उलगडून तारखांची यादी

कोरा कागद घ्या आणि फक्त तारीख, वेळ आणि घटना लिहा. निष्कर्ष इतक्यात नको. माहिती केसपेपर, नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट, ऑपरेशन नोट, भूल देणाऱ्यांची नोंद आणि रक्ताचे रिपोर्ट यांतून काढा. शेवटच्या बारा तासांसाठी नर्सिंग नोट्स डॉक्टरांच्या नोट्सपेक्षा पुष्कळदा जास्त नेमक्या असतात, कारण रक्तदाब कधी उतरला आणि लघवी कधी कमी झाली हे सिस्टरने तासातासाला लिहिलेलं असतं. भरतीआधीची गोष्ट मात्र नातेवाइकालाच विचारावी लागते. हे विचारणं मृत्यू होण्याआधी, भरतीच्या दिवशीच नीट झालेलं असेल तर उत्तम. मृत्यूनंतर विचारावं लागलं तर बसून, सावकाश विचारा.

आपल्या केसची यादी अशी निघाली:

62 वर्षांचे शेतकरी. 14 वर्षांपासून टाइप 2 मधुमेह, गोळ्या अनियमित. 5 वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी.
20 फेब्रुवारीच्या सुमारास नव्या चपलेने उजव्या करंगळीजवळ फोड, नंतर जखम. घरीच हळद आणि मलम.
6 मार्चपासून पाऊल सुजलं, ताप, करंगळीभोवती काळेपणा, दुर्गंधी.
10 मार्च सकाळी भरती. ताप 102, नाडी 118, रक्तदाब 100/60. साखर 438, पांढऱ्या पेशी 24,000, क्रिएटिनिन 2.1. पावलावर बोट दाबलं की कुरकुर लागत होती.
11 मार्च: डिब्राइडमेंट. फॅसिया राखाडी, सहज सुटणारा. पुवाचं कल्चर पाठवलं.
12 मार्च: संसर्ग घोट्याच्या वर गेलेला. गुडघ्याखाली अॅम्प्युटेशन.
13 मार्च: कल्चरमध्ये क्लेब्सिएला. अँटिबायोटिक बदललं.
14 मार्च संध्याकाळी 6: रक्तदाब 80/50. सलाइन देऊनही वर येईना. नॉरअॅड्रेनालिन सुरू. लॅक्टेट 5.6.
15 मार्च: लघवी जवळजवळ बंद, क्रिएटिनिन 4.3. एकदा डायलिसिस सुरू केलं, रक्तदाब टिकेना म्हणून थांबवलं. रात्री श्वास थकला, व्हेंटिलेटरवर घेतलं.
16 मार्च पहाटे 3:50: हृदय थांबलं. सीपीआर 30 मिनिटं. 4:20 ला मृत घोषित.

दुसरी पायरी: शेवटून मागे

आता यादी खालून वर वाचा आणि प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारा: हे कशामुळे झालं?

4:20 ला हृदय थांबलं होतं. ते प्रत्येक मेलेल्या माणसाचं थांबतं. कॅन्सरने गेलेल्याचंही आणि सर्पदंशाने गेलेल्याचंही. म्हणून हृदय थांबणं, श्वास थांबणं, कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट, वार्धक्य हे शब्द मृत्यू कसा दिसला ते सांगतात. त्यामागचं कारण त्यांत नसतं. ते समरीत शेवटच्या प्रसंगाचं वर्णन म्हणून येतील, पण कारणांच्या ओळींत त्यांना जागा नाही. ‘मल्टीऑर्गन फेल्युअर’चंही जवळपास असंच आहे. ते लिहायचंच असेल तर खाली ते कशामुळे झालं हे स्पष्ट हवं. एकट्याने ते काहीच सांगत नाही.

हृदय का थांबलं? 34 तास रक्तदाब औषधांच्या आधारावर होता, लॅक्टेट वाढलेलं होतं, अंगात सिद्ध झालेला संसर्ग होता. म्हणजे सेप्टिक शॉक. शॉक कशामुळे? फॅसियापर्यंत गेलेल्या, वर चढत जाणाऱ्या संसर्गामुळे, म्हणजे उजव्या पायाच्या नेक्रोटायझिंग फॅसायटिसमुळे. पुरावा ऑपरेशन नोटमध्ये आहे. फॅसायटिस कशामुळे? पायाच्या न भरलेल्या जखमेतून. आणि साध्या चपलेच्या फोडाची इतकी मजल का गेली? कारण 14 वर्षांच्या मधुमेहाने पायाची संवेदना, रक्तपुरवठा आणि संसर्गाशी लढायची ताकद तिन्ही खाल्ली होती. त्याच्या मागे जाण्यासारखं काही उरत नाही, तिथे थांबायचं.

किडनीचं काय करायचं, असा प्रश्न इथे हमखास येतो. किडनी बंद पडली ती शॉकमुळे. ती साखळीची बाजूची फांदी आहे. मृत्यूकडे नेणारा एकच सरळ मार्ग निवडायचा असतो, आणि इथे तो शॉकमधून जातो. किडनीची हकिगत समरीत पूर्ण लिहायची. तिला फॉर्मच्या दुसऱ्या भागात ढकलायचं नाही, कारण ती याच साखळीतून निघाली आहे. दुसरा भाग साखळीबाहेरच्या आजारांसाठी आहे. आपल्या केसमध्ये तिथे हृदयविकार येईल: तो फॅसायटिसचं कारण नाही, फॅसायटिसमुळेही झालेला नाही, पण शॉकचा भार सोसायला हृदय आधीच कमजोर होतं.

अॅम्प्युटेशनही कारण नाही. ते उपचार होते. ऑपरेशनमुळेच रक्तस्राव होऊन पेशंट गेला असता तर गोष्ट वेगळी. पण ऑपरेशननंतर मृत्यू झाला आणि ऑपरेशनमुळे मृत्यू झाला यांत फरक आहे, आणि तो समरीत दिसला नाही तर नातेवाइकांच्या मनात दुसरा अर्थ घर करतो.

तिसरी पायरी: साखळी तपासणं

ओळी भरल्या की त्या खालून वर मोठ्याने वाचा, प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये ‘यामुळे’ घालून. मधुमेह आणि त्यातून झालेली पायाची जखम, यामुळे नेक्रोटायझिंग फॅसायटिस, यामुळे सेप्टिक शॉक. वाक्य कुठे अडखळलं नाही तर क्रम बरोबर आहे.

मग काळ पाहा. खालच्या ओळीचा काळ वरच्या ओळीपेक्षा कमी असूच शकत नाही. इथे 34 तास, 10 दिवस, 14 वर्षं. समजा कुणी घाईत ओळी उलट्या भरल्या, म्हणजे (अ) मधुमेह आणि (क) सेप्टिक शॉक, तर काळाच्या रकान्यात ते लगेच उघडं पडतं. हा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि म्हणूनच उलटी साखळी कुणाच्या लक्षात येत नाही. नेमका काळ माहीत नसेल तर ‘सुमारे’ लिहा, महिने किंवा वर्षं लिहा, पण काहीतरी लिहाच.

शेवटी, प्रत्येक ओळीसाठी फाइलमध्ये पुरावा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. शॉकसाठी रक्तदाब, लॅक्टेट आणि नॉरअॅड्रेनालिनची नोंद. फॅसायटिससाठी ऑपरेशन नोट. मधुमेहासाठी जुने रिपोर्ट. एखादी कडी तपासणीने सिद्ध झाली नसेल, पण लक्षणांवरून तुमचं आणि युनिटप्रमुखांचं तेच मत असेल, तर ‘बहुधा’ लिहायला हरकत नाही. मात्र हे ध्यानात असू द्या की कोड लावताना ‘बहुधा’ बाजूला पडतं आणि निदानच मोजलं जातं. तेव्हा निव्वळ जागा भरायला निदान लिहू नका.

आपल्या केसचा फॉर्म मग असा होईल:

(अ) सेप्टिक शॉक: सुमारे 34 तास
(ब) उजव्या पायाचा नेक्रोटायझिंग फॅसायटिस: 10 दिवस
(क) टाइप 2 मधुमेह, मधुमेही पायाच्या जखमेसह: 14 वर्षं
भाग 2: इस्केमिक हृदयविकार, अँजिओप्लास्टी झालेला: 5 वर्षं
मृत्यूचा प्रकार: नैसर्गिक

लघुरूपं कुठेही नकोत. ‘एमएस’ हे अक्षर हृदयाच्या झडपेचा आजारही असू शकतो आणि मेंदूचाही. वॉर्डात ते चालतं, कारण समोर पेशंट असतो. नोंदणी कार्यालयात नसतो. आणि मृत व्यक्ती स्त्री असेल तर गरोदरपणाविषयीचा रकाना विसरू नका.

चौथी पायरी: आता समरी

साखळी हातात आली की लिहिणं सोपं होतं. प्रत्यक्षात तुम्ही ती इंग्रजीत लिहाल, रचना मात्र हीच ठेवा. नाव, वय, नोंदणी क्रमांक, भरतीची आणि मृत्यूची तारीख-वेळ सगळ्यात वर. त्याखाली लगेच अंतिम निदान, आणि ते फॉर्मच्याच शब्दांत. मग चार परिच्छेद.

पहिल्यात भरतीच्या दारापर्यंतची गोष्ट: जुने आजार, फोड कधी आला, बिघाड कधी सुरू झाला. मूळ कारण इथेच दिसलं पाहिजे. दुसऱ्यात भरतीच्या वेळची अवस्था, मोजक्या आकड्यांसह. सगळे रिपोर्ट उतरवायचे नाहीत. साखळीतली कडी ज्या आकड्यावर उभी आहे तेवढाच आकडा घ्या. सोडियम, बिलिरुबिन नॉर्मल होतं तर त्याची इथे गरज नाही, ते फाइलमध्ये आहे.

तिसरा परिच्छेद मधल्या दिवसांचा, आणि नवखे डॉक्टर इथेच अडकतात. ते दिवसागणिक लिहितात: पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते. त्यापेक्षा वळणं शोधा. पेशंटची स्थिती कधी बदलली, ते कशावरून कळलं, आपण काय केलं आणि त्याला प्रतिसाद काय आला, या चार गोष्टी प्रत्येक वळणावर. आपल्या केसमध्ये तीन वळणं आहेत: ऑपरेशनमध्ये फॅसिया सडलेला दिसणं, संसर्ग वर चढल्यामुळे अॅम्प्युटेशन, आणि 14 तारखेचा शॉक. तिसरं वळण असं लिहिता येईल:

‘14 मार्च संध्याकाळी 6 वाजता रक्तदाब 80/50 झाला. पुरेसे द्रव देऊनही तो सुधारला नाही, म्हणून नॉरअॅड्रेनालिन सुरू केले. लॅक्टेट 5.6 होते. पायाच्या संसर्गातून सेप्टिक शॉक असे निदान केले. पुढील 24 तासांत लघवीचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले व क्रिएटिनिन 4.3 झाले. डायलिसिस सुरू केले, परंतु रक्तदाब टिकत नसल्याने थांबवावे लागले. नातेवाइकांना प्रकृती अत्यंत गंभीर असल्याची कल्पना वेळोवेळी देण्यात आली.’

यात ‘पायाच्या संसर्गातून’ हे दोन शब्द साखळी जोडतात. असे जोडणारे शब्द नसतील तर समरी घटनांची यादी होते आणि वाचणाऱ्याला कारण स्वतः अंदाजाने ठरवावं लागतं.

चौथा परिच्छेद शेवटच्या तासांचा. हृदय कधी थांबलं, सीपीआर किती वेळ केला, मृत्यू कधी आणि कोणी घोषित केला. ही वेळ ईसीजीच्या पट्टीवर, नर्सिंग नोटमध्ये, फॉर्ममध्ये आणि समरीत एकच असली पाहिजे. 4:20 एका ठिकाणी आणि 4:35 दुसऱ्या ठिकाणी असेल, तर तो फरक मिटवल्याशिवाय सही करू नका. शेवटी कारणांची साखळी पुन्हा एका वाक्यात, फॉर्मशी जुळती.

दोष काढणारी भाषा समरीत नको. ‘पेशंटने दुर्लक्ष केले’ असं लिहू नका. ‘20 फेब्रुवारीपासून जखम, 10 मार्च रोजी भरती’ एवढं पुरेसं आहे. आधी ज्या दवाखान्यात दाखवलं त्याच्याबद्दलही तसंच: तिथे काय झालं ते कागदावरून लिहा, ऐकीव नको.

साखळीच्या टोकाला अपघात निघाला तर

मागे जाण्याच्या या पद्धतीचा खरा कस इथे लागतो. समजा 78 वर्षांच्या आजी न्हाणीघरात घसरल्या, मांडीच्या हाडाचं मानेपाशी फ्रॅक्चर झालं, ऑपरेशन झालं आणि अकराव्या दिवशी अचानक श्वास लागून त्या गेल्या. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी दिसली होती. मेडिसिनचा डॉक्टर ‘पल्मनरी एम्बोलिझम, नैसर्गिक मृत्यू’ लिहून मोकळा होईल. पण मागे जा. गुठळी कशामुळे? फ्रॅक्चरमुळे अंथरुणाला खिळल्याने. फ्रॅक्चर कशामुळे? पडल्यामुळे. साखळीचं मूळ टोक अपघात आहे, आजार नाही. मध्ये अकरा दिवस गेले म्हणून ते बदलत नाही.

अशा वेळी मृतदेह ताब्यात देण्याआधी पोलिसांना कळवावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194, म्हणजे 1 जुलै 2024 च्या आधीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, अशा मृत्यूच्या चौकशीसाठी आहे. पोलिस पंचनामा करतील, शवविच्छेदन करायचं की नाही हे त्यानंतर ठरेल. तुमच्या समरीत घटनाक्रम पूर्ण येईल, पण कारणापुढे अंतिम मत राखून ठेवल्याची नोंद असेल आणि प्रकाराच्या रकान्यात ‘नैसर्गिक’ येणार नाही. भाजणं, विषबाधा, सर्पदंश, रस्त्यावरचा अपघात या केसेस एमएलसी आहेत हे सगळ्यांना आठवतं. घरात पडलेली म्हातारी माणसं मात्र निसटतात. म्हणून साखळीच्या सगळ्यात खालच्या ओळीवर पोहोचल्यावर इजा, पडणं किंवा विष यांतलं काही सापडतंय का, हे प्रत्येक केसमध्ये पाहून घ्या आणि शंका आली की सही करण्याआधी वरिष्ठांना फोन करा.

मृतावस्थेतच आणलेल्या व्यक्तीचं कारणही अंदाजाने लिहू नका. तुम्ही तिच्यावर उपचार केलेले नाहीत. साखळीच नाही, तर ओळी भरायच्या कशाच्या?

सही झाल्यानंतर आलेला रिपोर्ट

कधी रक्ताचं कल्चर किंवा बायॉप्सीचा रिपोर्ट मृत्यूनंतर चार-पाच दिवसांनी येतो आणि साखळीतली एखादी कडी बदलते. क्लेब्सिएलाऐवजी दुसरा जंतू निघाला, तर (अ), (ब), (क) ओळी तशाच राहतात. समरीला तारीख, वेळ आणि सहीसह पुरवणी नोंद जोडली की झालं. पण बायॉप्सीत अनपेक्षित कॅन्सर निघाला आणि तोच मूळ कारण ठरत असेल, तर सगळ्यात खालची ओळ बदलते. मग युनिटप्रमुखांच्या सहीने नोंदणी कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. दोन्ही वेळा जुन्या कागदावर खाडाखोड करू नका, पांढरी शाई लावू नका, पान बदलू नका. जुनी नोंद वाचता आली पाहिजे, आणि नवी नोंद कधी व का झाली हेही दिसलं पाहिजे.